रातपाळीनं न विचारलेला प्रश्न

"मॅडम, आमची रातपाळी बंद म्हणं? आनि भत्ता?"

शिरोलीत आमच्या ओतकामाच्या कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर सकाळी साडेआठच्या सुमाराला भट्टीवरच्या एका मामांनी हे विचारलं. तिसरी पाळी सातला सुटते, पण मामा बस सोडून तिथंच बसले होते. हातातला चहा निवला होता, बनियनच्या गळ्याशी काळी रेघ. आदल्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये डायरेक्टर साहेबांची मोठी सभा झाली होती. ऑफिसात आम्ही तिला टाउन हॉल म्हणतो, खाली शॉपमध्ये तिचं नाव 'सायबांची मीटिंग'. मामा सभेला नव्हते, कारण तिसऱ्या पाळीचा माणूस दुपारी तीनला झोपलेला असतो. पण सभेच्या बातम्या त्यांच्या आधी गेटवर पोचल्या होत्या. एकानं सांगितलं होतं की रातपाळी बंद. दुसऱ्यानं सांगितलं, भत्ता वाढवून देणार आहेत. तिसरा म्हणाला होता, ठेकेदाराकडची पोरं कमी करायला लागलेत. मी म्हणाले, लेखी कागद निघतोय, त्यात सगळं येईल. मामा म्हणाले, "निघंल ओ, खरं आमास्नी कळंल असा काढा." त्यांनी वाईट वाटून घेतलं नव्हतं, पण माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट घर करून बसली. मी सभेला पहिल्या रांगेत होते, तासभर सगळं ऐकलं होतं, आणि तरी भत्त्याबद्दल नेमकं काय ठरलं हे मला सांगता येत नव्हतं.

सभेचा मूळ विषय वीज. आमच्याकडं इंडक्शन भट्ट्या आहेत. एक टन लोखंड वितळवायचं तर साधारण साडेपाचशे-सहाशे युनिट लागतात, त्यामुळं फौंड्रीचा नफा-तोटा बराचसा वीजबिलातच ठरतो. वर्षानुवर्षं रात्री दहानंतर वीज स्वस्त मिळायची, म्हणून कोल्हापुरातल्या कितीतरी फौंड्र्यांनी वितळवण्याचं काम रात्रीवर टाकलं होतं. रात्री हायवेवरून जाताना शेडच्या पत्र्यांच्या फटींतून येणारा तो नारिंगी उजेड इथल्या प्रत्येकानं पाहिलेला असतो. आता दरांची रचना उलटली. सवलत दिवसाच्या, उन्हाच्या तासांवर आली आणि रात्रीचा फायदा उरला नाही. डायरेक्टर साहेबांनी हेच सांगितलं, की वितळवणं दिवसा आणायचं. त्यांचं बोलणं सरळ होतं, हिशेब पटण्यासारखा होता, समोर बसलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या पाळीनं टाळ्याही वाजवल्या. ज्यांचं आयुष्य या निर्णयानं सगळ्यात जास्त हलणार होतं ते त्या वेळी हेर्ले, हालोंडी, टोप, वडगावात खिडक्यांना चादरी लावून झोपले होते.

सभेची वेळच तशी होती. पहिली पाळी तीनला सुटते, दुसरी तीनला लागते, म्हणून तीनला सभा. एका वेळी दोन पाळ्या सापडतात. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय.

सभेचं रेकॉर्डिंग होतं. ऑफिसातल्या अपरेंटिस मुलीनं ते कानाला लावून जसंच्या तसं टाइप केलं आणि बावीस पानं माझ्या टेबलावर आणून ठेवली. मला त्याचा एका पानाचा प्रश्नोत्तरांचा कागद करायचा होता, नोटीस बोर्डासाठी आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपसाठी. पोरीनं काम मन लावून केलं होतं. कंसात '(हशा)', '(टाळ्या)', '(कॉम्प्रेसर सुरू, ऐकू येत नाही)' असं लिहिलं होतं. बोलणारा कळला तिथं नाव, नाही तिथं 'मागून एक जण'. अशी पानं वाचायला बसलं की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की माणूस बोलताना वाक्य पुरं करत नाही. सभेत ते कुणाला खटकत नाही, कारण हात हलतो, चेहरा दिसतो, शेजारचा मान डोलावतो. कागदावर उतरलं की अर्धं वाक्य अर्धंच राहतं. आणि ते पुरं करायचा मोह कागद करणाऱ्याला होतो. माझ्या मते या कामातला सगळा धोका त्या मोहात आहे.

आकड्यांचा धोका त्या मानानं लहान, कारण त्यावर उपाय आहे. लिहिलेल्या पानावर जिथं जिथं वेळ, तारीख, रक्कम, संख्या येते तिथं तिथं मूळ आवाज परत ऐकायचा. मराठीत सव्वा, साडे, पावणे हे आकड्याच्या आधी येतात आणि बोलताना ते पुटपुटल्यासारखे निघतात. बसच्या वेळेच्या उत्तरात पानावर 'सहाला हेर्ल्यातून' असं होतं. ऐकलं तर कॉम्प्रेसरच्या घरघरीखाली 'सव्वा' दबून गेला होता. पाव तासाची चूक, पण थंडीच्या दिवसांत हेर्ल्याच्या फाट्यावर पाव तास आधी येऊन उभा राहिलेला माणूस कागद करणाऱ्याचा उद्धार करतो, आणि तो योग्यच करतो.

माझे वडील गावच्या विकास सेवा सोसायटीत सचिव होते. वार्षिक सभेचं इतिवृत्त ते घरी आणून लिहायचे. जेवणं झाली की लांबट रजिस्टर, निळी शाई, आणि कंदिलासारखा पिवळा बल्ब. करवीर तालुक्यातल्या सोसायटीची सभा म्हणजे काय असतं हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. एक बाजू 'मंजूर' ओरडते, दुसरी 'नामंजूर', माइक कुणाच्या तरी हातात तुटतो, आणि दहा मिनिटांत राष्ट्रगीत. वडील लिहायचे, 'विषय क्रमांक चार. चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' मी लहानपणी विचारायची, आबा, एवढी भांडणं झाली ती कुठं गेली? ते म्हणायचे, इतिवृत्तात ठराव लिहायचा असतो, दंगा नाही. ते बरोबरच होतं. इतिवृत्त सभेला हजर असलेल्यांसाठी आणि उद्या तपासणीला येणाऱ्या ऑडिटरसाठी असतं. मी करत होते तो कागद मात्र हजर नसलेल्या माणसासाठी होता. त्याला ठरावाचा क्रमांक नको असतो. उद्या घरातून किती वाजता निघायचं, महिन्याच्या शेवटी हातात किती येणार आणि हे आपल्याला लागू आहे का, एवढंच त्याला हवं असतं. आबांची सवय माझ्याही हाताला होती. पहिल्या झटक्यात मी बावीस पानांचा गोषवारा काढला, तो वाचला तर इतिवृत्तासारखाच दिसत होता. निर्यातीच्या ऑर्डरी, नवी मशीनिंग लाइन, ग्राहकाचं ऑडिट, सुरक्षा, मग वीज, मग पाळ्या. साहेब ज्या क्रमानं बोलले त्याच क्रमानं. रातपाळीच्या माणसाला तो वाचायला दिला असता तर त्याच्या कामाचं वाक्य तळाला सापडलं असतं, तेही जागा राहिला तर.

म्हणून गोषवारा बाजूला ठेवला आणि एक्सेलमध्ये साधी वही केली. प्रत्येक ओळीत कुठल्या मिनिटाला, कोण, त्याचे स्वतःचे शब्द, कुणाबद्दल, आणि शेवटच्या रकान्यात ते किती पक्कं. या शेवटच्या रकान्यासाठी मी तीनच खुणा धरल्या: ठरलंय, चाललंय, नुसतं बोलले. पहिल्या खुणेसाठी माझी अट अशी, की कोण करणार आणि कधी हे दोन्ही त्या बोलण्यात असलं पाहिजे. दोन्हीपैकी एक नसेल तर 'चाललंय'. दोन्ही नसतील तर 'नुसतं बोलले', मग बोलणारा कितीही मोठा असो. बावीस पानं अशी चाळल्यावर 'ठरलंय' खाली इतक्या थोड्या ओळी पडल्या की मलाच कसंतरी झालं. सभा ऐकताना वाटलं होतं, केवढं काय काय जाहीर झालं.

पाळीचा प्रश्न घेऊन सांगते, कारण तोच सगळ्यात गुंतागुंतीचा होता. चौदाव्या मिनिटाला डायरेक्टर साहेब म्हणाले, "तर आता मेल्टिंग आपण दिवसा आणणार. पुढच्या सोमवारच्या सुट्टीनंतर… म्हणजे लवकरच. रात्री मेल्टिंग राहणार नाही." एवढ्यावरच गेटवर 'रातपाळी बंद' झाली होती. पण बावन्नाव्या मिनिटाला, सभा संपत आलेली असताना, कोअर शॉपमधल्या एकानं पार्किंगचं विचारता विचारता पाळीचंही विचारलं, आणि प्लांट हेड उभे राहून म्हणाले, "बदलतंय ते मेल्टिंग आणि मोल्डिंगचंच. फेटलिंग, मशीन शॉप हाय तसंच. आणि दोन्ही भट्ट्या एकदम नाही घेणार, आधी छोटी." याचं कारणही त्यांनी दिलं, ते पानावर अर्धवट उतरलं होतं म्हणून मी नंतर त्यांना जाऊन विचारलं. भट्टीच्या आतलं अस्तर रोज थंड-गरम व्हायला लागलं की त्याला तडे जातात. वेळा बदलल्यावर छोट्या भट्टीचं अस्तर किती टिकतं ते बघूनच मोठीला हात लावायचा, असा त्यांचा विचार होता. म्हणजे मालकांनी केलेली घोषणा आणि कारखाना चालवणाऱ्यानं घातलेली मर्यादा यांच्यात अडतीस मिनिटांचं अंतर होतं, आणि तोवर मागच्या रांगा उठायला लागल्या होत्या. दोन्ही वाक्यं खरी. पण कागदावर फक्त पहिलं घेतलं तर फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्याच्या, रातपाळीवाल्याची उगाच झोप उडते, आणि फक्त दुसरं घेतलं तर छोट्या भट्टीवरच्या माणसाला आपल्यावर काय येतंय ते कळत नाही. त्यासाठी एका विषयावरची सगळी वाक्यं, ती कितीही लांब विखुरलेली असोत, एका जागी आणून वाचावी लागतात. पहिल्या उत्तरापाशी थांबलं की फसगत ठरलेली.

त्यात ती 'पुढच्या सोमवारची' गोष्ट होती. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, म्हणून सगळे बदल मंगळवारपासून धरायची आमच्याकडं पद्धत आहे. आमच्या एचआर मॅनेजरना कागदावर तारीख हवी होती. तारीख असली की माणसं निवांत होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. तारखेसकट कच्चा कागद लेबर ऑफिसरांच्या टेबलावर गेला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच विचारलं, "नोटीस कुठं लागलीय?" पाळी अशी बदलायची किंवा भत्त्यात फेरफार करायचा तर कामगारांना २१ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. हे औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तसंच राहिलंय. युनियनशी रीतसर करार झाला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसा करार झालेला नव्हता. साहेब सभेत ओघात बोलून गेले म्हणून आम्ही तारीख छापली असती, तर माहिती म्हणून लावलेला कागद अर्धवट नोटिशीसारखा वाचला गेला असता आणि पुढं वादात कुणीतरी तोच दाखवला असता. शेवटी उत्तर असं झालं: 'तारीख अजून ठरलेली नाही. आधी बोर्डावर नोटीस लागेल, त्यानंतर किमान २१ दिवसांनी बदल होईल. आज नोटीस लागलेली नाही.' आणि कागदाच्या डोक्यावर एक ओळ घातली, की ही सभेची माहिती आहे, नोटीस नव्हे. मॅनेजर म्हणाले, तारीख नाही असं तीनदा सांगतोय आपण. मी म्हणाले, टपरीवर ती तीस वेळा सांगितली गेलीय.

आता भत्त्याचं.

बावीस पानांत 'भत्ता' हा शब्द कुठंच नव्हता. सभेत तो प्रश्न कुणी विचारलाच नाही, कारण ज्याला तो पडणार तो तिथं नव्हता. जवळात जवळ जाणारं एकच वाक्य सतराव्या मिनिटाला होतं. साहेब म्हणाले, "यात कुणाचं नुकसान होणार नाही, हे मी बघतो." त्यानंतर टाळ्या. मी ते वाक्य तीन खुणांपैकी कुठं टाकायचं याचा विचार करत बसले. कोण करणार हे आहे, 'मी' म्हणालेत. कधी, ते नाही. काय करणार, तेही नाही. नुकसान म्हणजे नोकरीचं? पाळीचं? की महिन्याकाठी मिळणाऱ्या रातपाळीच्या पैशांचं? टाळ्या वाजवणाऱ्यानं आपापल्या मनातलं नुकसान त्यात भरून घेतलं होतं.

मॅनेजरांचं मत होतं, हा विषय घ्यायचाच नाही. "सभेत आलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचीत. न विचारलेला प्रश्न आपण छापला की आपणच काडी लावल्यासारखं होतं." मला त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही. पगार मलाही त्याच कंपनीचा येतो, आणि न पेटलेल्या चुलीत फुंकर मारायची हौस मला नाही. शिवाय एक साधी अडचण होती. सभेच्या पानांवरून केलेल्या कागदात सभेत नसलेला प्रश्न घातला, तर उद्या कुणी म्हणेल की बाईंनी मनचं लिहिलं. पण मग हा कागद नक्की कुणासाठी चाललाय? सभेला आलेल्यांच्या प्रश्नांची उत्तरं सभेतच मिळाली होती. न आलेल्यांसाठी कागद काढायचा आणि न आलेल्यांचा प्रश्न त्यात घ्यायचा नाही, हे मला पटेना. गेटवर मामांनी तो विचारला होता, आणि ते एकटे नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर येऊन तिसरी पाळी सुटताना टपरीवर थांबले. प्रत्येकाला एकच विचारलं, सभेतलं तुम्हाला काय कळून घ्यायचंय? शब्द वेगवेगळे, पण बहुतेकांचं गाडं भत्त्यापाशीच येऊन थांबलं. कुणी त्यावर हप्ता धरला होता. एका पोरानं गाडी घेतली होती. कुणालाही विजेच्या दराचा तक्ता नको होता.

ते वाक्य आहे तसं कागदावर घालणं, 'कुणाचंही नुकसान होणार नाही', ही सगळ्यात सोपी वाट होती. दिसायला छान, साहेबही खूश. पण सभेतलं सहज वाक्य कंपनीच्या नावाखाली छापलं की ते वचन होतं. वाचणारा त्यातून 'भत्ता चालू राहणार' असंच घेणार, आणि तसं कुणीही म्हटलेलं नव्हतं. उलट 'भत्ता बंद होणार' असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. मग मी असं लिहिलं:

'रातपाळी गेली तर रातपाळीचा भत्ता मिळणार का? — याचं उत्तर आज ठरलेलं नाही. हा प्रश्न सभेत आला नाही, नंतर तिसऱ्या पाळीतल्या कामगारांनी विचारला. डायरेक्टर साहेब सभेत म्हणाले, "यात कुणाचं नुकसान होणार नाही, हे मी बघतो." भत्त्याबद्दल ते वेगळं बोललेले नाहीत.'

हे घेऊन मी साहेबांकडं गेले. जाताना पानाचे दोन भाग केले, डावीकडं त्यांचे स्वतःचे शब्द मिनिटासकट आणि उजवीकडं माझं उत्तर. बोलणाऱ्याकडून तपासून घ्यायची हीच रीत मला जमते. नुसता कागद पुढं ठेवून 'बघता का एकदा' म्हटलं की मोठी माणसं वरून नजर फिरवून सही करतात. आपलंच वाक्य समोर दिसलं की थांबतात. साहेब थांबले. म्हणाले, "मी भत्ता म्हणालोच नव्हतो."

"नाही म्हणालात साहेब. पण हे वाक्य ते तसंच वाचणार."

त्यांनी दोन-तीनदा वाचलं. खिडकीतून फेटलिंगच्या ग्राइंडरचा चर्र आवाज येत होता, तो मला एरवी ऐकूसुद्धा येत नाही. मला वाटलं होतं, एक तर ओळ खोडतील, नाहीतर उदार होऊन 'लिहा, देणार' म्हणतील. दोन्हीची मला भीतीच होती, कारण दुसऱ्या दिवशी अकाउंटवाले येऊन तो उदारपणा मागं घ्यायला लावतात. त्यांनी तिसरंच केलं. युनियन कमिटीबरोबर २५ तारखेला बैठक ठरलीच होती, त्यात हा विषय घेतो म्हणाले, आणि आपलं ते टाळ्यांचं वाक्य स्वतःच्या पेननं काढून टाकलं. उत्तर झालं: 'आज ठरलेलं नाही. २५ तारखेला युनियन कमिटीबरोबरच्या बैठकीत विषय आहे. काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी याच बोर्डावर लागेल. तोपर्यंत पाळ्या आणि भत्ता आहे तसेच.' शेवटचं वाक्य लेबर ऑफिसरांनी सुचवलं. नोटीस लागल्याशिवाय काही बदलत नाही, तर तसं सांगायला काय हरकत आहे, असं ते म्हणाले. सगळ्या कागदात मामांना लगेच उपयोगी पडेल असं तेच वाक्य होतं, आणि ते सभेत कुणीच बोललेलं नव्हतं.

गाळलेल्या गोष्टींबद्दल फार सांगत बसत नाही. कँटीनच्या आमटीवरचा विनोद गेला, ग्राहकाचं नाव गेलं. पण एक गाळताना मी घुटमळले. एकानं भर सभेत घरच्या आजारपणासाठी उचल मागितली होती आणि साहेबांनी 'नंतर भेट' म्हटलं होतं. उचलीचा नियम सगळ्यांना उपयोगी, म्हणून नाव काढून तो प्रश्न ठेवावा असं वाटलं. पण तीनशे माणसांच्या कारखान्यात नुसतं नाव काढून भागत नाही. 'घरी आजारपण असलेला कोअर शॉपमधला' म्हटलं की सगळ्यांना माणूस कळतो. तो प्रश्न मी पूर्ण काढला, आणि उचलीचा अर्ज कुणाकडं द्यायचा एवढी ओळ कागदाच्या तळाला वेगळी घातली.

आठ प्रश्न झाले. वर पैशाचे आणि वेळेचे, मग बसचे, मग बाकीचे. निर्यातीची ऑर्डर शेवटी, दोन ओळींत. प्रत्येक उत्तराचं पहिलं वाक्य हेच उत्तर, त्याचं कारण नंतर. आणि प्रत्येकाखाली 'कुणाला लागू', कारण आमच्याकडं कायम कामगार, ठेकेदाराकडचे आणि शिकाऊ असे तिघं एकाच भट्टीपाशी उभे असतात आणि तिघांची उत्तरं वेगळी असतात. बिहार-यूपीकडची पोरं बरीच आहेत, त्यांच्यासाठी तोच कागद हिंदीत. अक्षरं एवढी मोठी की बोर्डापासून दोन पावलं मागून वाचता यावीत. तारीख चौकटीच्या आत, प्रश्नांना चिकटून, कारण व्हॉट्सॲपवर फोटो फिरताना वरच्या-खालच्या कडा पहिल्यांदा कापल्या जातात.

लावायच्या आधी तो मी फेटलिंगच्या रातपाळीतल्या एका पोराला वाचायला दिला. तो सभेला नव्हता आणि आमच्या चर्चेतही नव्हता. 'कळलं का' असं विचारण्यात अर्थ नसतो, समोर मॅडम उभ्या असताना कळलं नाही म्हणणारा मी अजून पाहिला नाही. मी विचारलं, मग नोटीस लागल्यावर तू किती वाजता यायचं? तो म्हणाला, "सातला, सकाळच्या." म्हणजे आपली पाळी बदलणार असं त्यानं वाचलं होतं. कागदावर होतं, 'मेल्टिंग व मोल्डिंग विभागांची रात्रपाळी टप्प्याटप्प्यानं दिवसा येईल, इतर विभागांत बदल नाही.' वाक्यात चूक काहीच नव्हती, पण त्याचे डोळे 'रात्रपाळी' आणि 'दिवसा' एवढंच उचलून पुढं गेले होते. ते मोडून केलं: 'फेटलिंग, कोअर शॉप, मशीन शॉप: काही बदलत नाही, रातपाळीही तीच. छोटी भट्टी आणि तिच्यावरचं मोल्डिंग: दिवसा येणार. मोठी भट्टी: सध्या नाही.' त्यानं परत वाचलं. "मग माजं काय बी न्हाई की," म्हणाला, आणि कागद परत देऊन जेवायला गेला.

२५ तारखेची बैठक झाली. छोट्या भट्टीवरच्या कायम कामगारांना पाळी बदलल्यापासून तीन महिने भत्त्याएवढी रक्कम मिळायची, मग परत बसून बघायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुसरा कागद लागला. पहिला मी स्वतः काढून घेतला, कारण बोर्डावर दोन कागद शेजारी राहिले की ज्याला जो सोयीचा तो खरा ठरतो. बदललेल्या उत्तरांशेजारी जाड रेघ मारली आणि वर लिहिलं, 'रेघ मारलेलं नवीन, बाकी मागच्यासारखंच.' मोठ्या भट्टीचं उत्तर तसंच राहिलं. ठेकेदाराकडच्या कामगारांना ही रक्कम मिळणार का, यावर बैठकीत काहीच झालं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, ती ओळ आता काढून टाका, ठरलेलं तेवढं ठेवू. ती ओळ दुसऱ्या कागदावर आहे, सहाव्या क्रमांकाला: 'ठेकेदाराकडच्या कामगारांना लागू आहे का? — ठरलेलं नाही. २५ तारखेच्या बैठकीत यावर चर्चा झाली नाही. विचारायचं असेल तर लेबर ऑफिसर, दुपारी दोन ते तीन.' लेबर ऑफिसर माझ्यावर थोडे चिडलेत, कारण आता रोज दोन वाजता त्यांच्या केबिनबाहेर चार-पाच जण उभे असतात.